मल्चिंग पेपर हमखास कमी कसा पाडावा

शेवटच्या बेडवर सात फूट पेपर कमी पडणं ही साधी गोष्ट नाही. सत्तर फूट कमी पडला तर माणूस मुकाट्यानं गाडी काढतो, दुकानात जातो आणि नवं बंडल घेऊन येतो. सात फुटांसाठी बंडल आणायला मन धजत नाही आणि सात फूट बेड उघडा ठेवायलाही जीव होत नाही. मग चार माणसं अर्धा तास पेपर ताणत बसतात. पेपर ताणून फूटभर लांबतो, पातळ होतो आणि तिसऱ्या दिवशी तिथूनच फाटतो. एवढी बारीक चूक जमवायची तर आधी बऱ्याच ठिकाणी बेफिकीर राहावं लागतं. ते कुठं आणि कसं राहायचं, हे नवशिक्यांना कोणी पायरीपायरीनं सांगत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

उदाहरणाला एक रान घेऊ. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूचं, २२० फूट लांब आणि १९८ फूट रुंद. गुणाकार केला तर बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे नेमकं एक एकर. इतकं काटकोनी रान त्या भागात वाट्याला आलं तर भावकीत काहीतरी गडबड असल्याचं समजावं, पण हिशेबाला बरं पडतं. पीक टोमॅटो. बेड पाच फुटी, म्हणजे एका बेडच्या मध्यापासून दुसऱ्या बेडच्या मध्यापर्यंत पाच फूट. पेपर वर चंदेरी, खाली काळा, २५ मायक्रॉनचा, १.२ मीटर रुंद. एका बंडलात ४०० मीटर.

पहिली पायरी : शेतात जाऊ नका, सातबारा काढा

पेपर किती लागेल हे ठरवायला रानात जायची मुळीच गरज नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते चौरस फुटांत आणा, पाचानं भागा. ४३,५६० भागिले ५ म्हणजे ८,७१२ फूट लांबीचे बेड. मीटरमध्ये २,६५५. त्याला ४०० नं भागलं की ६.६४ बंडलं. म्हणजे सात. हा हिशेब दिसायला इतका देखणा आहे की तो वहीत लिहून खाली दोन रेघा माराव्याशा वाटतात.

त्यात एवढंच गृहीत धरलेलं आहे की बांधाच्या माथ्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत टोमॅटो लागणार, ट्रॅक्टर शेवटच्या इंचापर्यंत जाऊन जागच्या जागी गिरकी घेणार आणि ठिबकचा सबमेन हवेतून जाणार.

फूट-मीटरची अदलाबदल करतानाही हयगय करू नका. बंडल मीटरमध्ये विकतात, रान फुटात मोजतात, आणि गावात सगळ्यांना ठाऊक असतं की तीन फुटांचा मीटर होतो. तो होतो ३.२८ फुटांचा, पण ते पॉइंट कोण सांभाळत बसणार? पुढं आपल्याला ७,८६६ फुटांचा एक आकडा मिळणार आहे. तीननं भागला तर त्याचे २,६२२ मीटर होतात, ३.२८ नं भागला तर २,३९८. मधले सव्वादोनशे मीटर म्हणजे अर्ध्याहून जास्त बंडल. ही चूक पेपर कमी पाडत नाही, उलट उरवते, त्यामुळे आपल्या कामाची नाही. फक्त नोंद असावी.

सात बंडलांचा हा आकडा घेऊन दुकानात गेलात की दुकानदार तो मोडीत काढेल.

“दादा, सात कशाला? एकराला सहा बंडलं. सगळे तेवढीच नेतात.”

“पण हिशेबानं सात येतायत.”

“हिशेब राहू द्या. बेड पाच फुटीच ना? मग सहा. आणि कमी पडलं तर या की परत, दुकान कुठं पळून चाललंय?”

दुकान पळून जात नाही हे खरं आहे. फक्त पेपर कमी पडतो तो दिवस आठवड्याच्या सुट्टीचा असतो.

गंमत अशी की सातबाऱ्याचा हिशेब चुकीचा आहे आणि दुकानदाराचा अंदाज बराच बरोबर आहे. तो रोज पाच-पन्नास लोकांना पेपर विकतो, बांध किती जागा खातो हे त्याला कागदाशिवाय कळतं. त्याला फक्त तुमच्या रानाची लांबी माहीत नसते. आपली सात फुटांची करामत नेमकी त्या लांबीत दडलेली आहे, पण तिथं जायला अजून दोन पायऱ्या आहेत.

दुसरी पायरी : ओळी मोजा, बेड मोजू नका

टोमॅटोची बेडवर एकच ओळ असते, त्यामुळे इथं गोंधळाला फार वाव नाही. ज्यांना गोंधळ हवा आहे त्यांनी मिरची लावावी. मिरचीच्या एका बेडवर दोन ओळी येतात. मग नवशिका म्हणतो, समजा अडतीस बेड, प्रत्येकी दोन ओळी, म्हणजे शहात्तर ओळींचा पेपर. लॅटरलच्या बाबतीत असा गुणाकार चालू शकतो, कारण काही जण प्रत्येक ओळीला वेगळी नळी देतात. पेपर मात्र बेडला लागतो, ओळीला नाही. दोन ओळी असोत की एक, पेपरची लांबी तेवढीच.

ओळींचा संबंध येतो तो रुंदीशी. दोन ओळींत दीड फूट अंतर आणि कडेपासून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट सोडायचा, तर बेडचा माथा अडीच फूट, म्हणजे ३० इंच हवा. एकाच ओळीला २४ इंचांचा माथा पुरतो. आता पेपर माथ्यावर संपत नाही. तो दोन्ही उतारांवरून खाली जातो आणि मग मातीत गाडला जातो. अर्धा-पाऊण फूट उंच बेडचा उतार साधारण ८ इंच धरा. टोमॅटोच्या बेडचा हिशेब असा : माथा २४, दोन्ही उतार मिळून १६, आणि दोन्ही कडा गाडायला प्रत्येकी ४, म्हणजे ८. एकूण ४८ इंच, चार फूट. आणि पेपरही चार फुटी. एवढं नीट जुळलेलं पाहून संशय यायला हवा.

संशय येऊ नये म्हणून बंडलावरचा १.२ मीटर हा आकडा वाचू नका. सगळे त्याला चार फुटी म्हणतात, पण १.२ मीटर म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच. पाऊण इंच तिथंच गेला. तो गाडायच्या कडेतून जातो, दुसरीकडून जाणार कुठून? म्हणजे प्रत्येक बाजूला चारच्या जागी साडेतीन-पावणेचार इंच. टोमॅटोला तेवढ्यावर निभावून जातं. आता तोच पेपर घेऊन मिरचीच्या ३० इंची माथ्यावर जा. माथा आणि उतार मिळून ४६ इंच झाले. राहिला सव्वा इंच, दोन्ही बाजूंना मिळून. प्रत्येक कडेला अर्ध्या इंचाहून थोडा जास्त पेपर मातीखाली. मजूर त्यावर इमानदारीनं खोऱ्यानं माती ओढतील, वरून सगळं छान दिसेल, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्याला बेडच्या बेड उघडे पडतील.

हे कळतं कसं, तेही सांगून टाकतो. दुपारी रानात उभं राहिलं की पेपरचा फडफड आवाज येतो आणि बेडच्या मधोमध तो पोट फुगल्यासारखा वर येतो. मग भोक रोपापासून सरकतं. खोड भोकाच्या कडेला घासतं, आणि पेपरखालची तापलेली हवा नेमकी त्या भोकातून, रोपाच्या बुंध्याशी बाहेर पडते. रोपं मान टाकतात आणि माणूस आळवणीचं औषध शोधत फिरतो. मिरचीला अडीच फुटी माथा हवाच असेल तर पेपर जास्त रुंद घ्यावा. दीड मीटरचा पेपर ५९ इंचांचा असतो, त्यात प्रत्येक बाजूला साडेसहा इंच गाडायला मिळतात. तो मिळत नसेल तर माथा चार-सहा इंचांनी अरुंद करावा, ओळी थोड्या जवळ आणाव्यात. पेपर ताणून रुंदी वाढत नाही, हे एका वाक्यात सांगण्यासारखं असलं तरी दर हंगामात कोणीतरी ते करून बघतंच.

आणि उलट्या टोकालाही जाऊ नये. कडा फूटभर खोल गाडली की पेपर हलत नाही खरा, पण पीक संपल्यावर निघतही नाही. ओढला की मातीच्या रेषेवर तुटतो आणि गाडलेली पट्टी रानातच राहते. पुढच्या वर्षी रोटरच्या पात्यांना ती गुंडाळलेली सापडते. चार इंच बेताचे, सहा इंच निवांत. त्याच्यापुढं हौस.

हे सगळं मोजायचं एक फार सोपं साधन आहे, म्हणून ते वापरू नका : सुतळी. बेड पाडून झाला, पाणी देऊन बसला, माथा दाताळ्यानं सारखा केला, ठिबकची लॅटरल टाकून झाली की एका सरीच्या तळापासून बेडवरून पलीकडच्या सरीच्या तळापर्यंत सुतळी अंथरायची, बेडला चिकटवून. ती सुतळी मोजली की माथा आणि उतार एका दमात मिळतात. त्यात गाडायचे इंच मिळवले की पेपरची रुंदी. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलेला माथा आणि रानात पडलेला माथा यांत दोन-चार इंचांचा फरक सहज असतो, कारण तो सांगतो अवजाराचा आकडा आणि पडतो तो मातीचा. लॅटरल आधी आणि पेपर नंतर हेही सांगायला नको, पण सांगितलेलं बरं. पेपर अंथरून झाल्यावर लॅटरल आठवलेला माणूस त्या दिवशी कोणाशी बोलत नाही.

तिसरी पायरी : बेडची दोन्ही टोकं विसरा

लांबीचा हिशेब आता खऱ्या रानात करू. बेड २२० फुटांच्या बाजूनं पाडायचे ठरले, कारण ट्रॅक्टरवाल्याला लांब तास आवडतात, वळणं कमी होतात. एका टोकाला त्याला वळायला १० फूट सोडले, दुसऱ्या टोकाला सबमेन आणि माणूस चालायला ६ फूट. बेडची लांबी राहिली २०४ फूट. दुसऱ्या बाजूनं १९८ फुटांतून दोन्ही बांधांकडचे चार-चार फूट वजा केले, १९० राहिले, पाचानं भागले, ३८ बेड.

इथं नवशिक्यानं ३८ गुणिले २०४ करावं. ७,७५२ फूट. मीटरमध्ये २,३६३. सहा बंडलांचे होतात २,४०० मीटर. म्हणजे ३७ मीटर उरणार! दुकानदार देवमाणूस.

पण बेडला दोन टोकं असतात. तिथंही उतार आहे, ८ इंचांचा. आणि तिथं पेपर कडेपेक्षा खोल गाडावा लागतो, दहा इंच तरी, कारण लांबीतला सगळा ताण टोकांवर येतो. प्लॅस्टिक तापलं की लांबतं आणि गार झालं की आखडतं. वीस अंशांच्या फरकाला २०४ फुटांचा पेपर पाऊण फुटाच्या आसपास मागंपुढं होतो. भर दुपारी, पेपर तापून लांबलेला असताना तो चांगला तंग ओढून गाडला की पहाटे तो आखडतो आणि टोकं मातीतून उपसून काढतो. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, सुरकुती राहणार नाही इतपतच ओढून अंथरलेला पेपर हे नखरे करत नाही. तरी टोकाला १० इंचांची नाळी हवीच.

आठ आणि दहा अठरा इंच, म्हणजे दीड फूट. दोन टोकांचे तीन फूट. म्हणजे एका बेडला २०४ नव्हे, २०७ फूट पेपर. तीन फुटांत काय मोठंसं, असं वाटतं ना? अडतीस बेडांचे ११४ फूट होतात. अर्ध्या बेडहून जास्त पेपर तुम्ही टोकांना गाडून बसता, आणि हिशेबात तो कुठंच नसतो.

आता ३८ गुणिले २०७ : ७,८६६ फूट, २,३९८ मीटर. सहा बंडलं २,४०० मीटर. अजूनही पुरतात! दोन मीटर उरतात!

ज्यांनी इथपर्यंत सगळं नीट मोजलं त्यांच्यावरच पुढची पायरी उलटते, म्हणून ती मला फार आवडते.

चौथी पायरी : बंडल बेडच्या टोकाशीच संपतं असं धरून चाला

४०० मीटरचं बंडल म्हणजे १,३१२ फूट. त्यात २०७ फुटांचे सहा बेड बसतात, १,२४२ फूट झाले, आणि नळीवर ७० फूट उरतात. हे ७० फूट सातव्या बेडवर अंथरायचे आणि तिथून पुढं दुसऱ्या बंडलाचा पेपर जोडायचा. जोड म्हणजे चिकटपट्टी नव्हे. पेपरचं एक टोक दुसऱ्यावर दोन फूट चढवायचं आणि वर आडवी माती टाकायची, नाहीतर वारा तिथूनच आत शिरतो. शिवाय नव्या बंडलाचा सुरुवातीचा हातभर पेपर बहुतेक वेळा चुरगळलेला किंवा वाहतुकीत घासलेला असतो, तो कापून टाकावा लागतो. एका जोडाला तीन फूट गेले.

सहा बंडलांत जोड किती? पाच, आणि पाचही बेडच्या मधे कुठंतरी. म्हणजे पंधरा फूट. ७,८६६ अधिक १५, एकूण ७,८८१. सहा बंडलांचे फूट होतात ७,८७४.

सात फूट कमी. अडतिसाव्या बेडवर, संध्याकाळी, मजूर निघायच्या वेळी.

जोड नकोत म्हणून प्रत्येक बंडलातून सहाच बेड काढायचे ठरवलं तर सहा बंडलांत छत्तीस बेड होतात आणि दोन बेड सातव्या बंडलावर जातात. वर सत्तर-सत्तर फुटांचे सहा तुकडे घरात. हे तुकडे टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. गोठ्याच्या माळ्यावर त्यांचं एक संग्रहालय तयार होतं.

ज्यांना कमी पाडायचा नाही त्यांच्यासाठी

अशा लोकांसाठी हे मार्गदर्शन नाही, पण त्यांना वाऱ्यावर सोडणंही बरं नव्हे. मार्ग तीन आहेत, आणि तिन्ही बेड पाडायच्या आधीचे आहेत. पेपर अंथरायला घेतल्यावर एकच मार्ग राहतो, तो म्हणजे सातवं बंडल.

पहिला मार्ग शिवारात बरेच जण नकळत वापरतात. सबमेनकडं सोडलेले ६ फूट ७ करायचे. बेड २०३ फुटांचा झाला, पेपर २०६ चा. अडतीस बेडांना ७,८२८ आणि जोडांचे १५, एकूण ७,८४३ फूट. सहा बंडलांत ३१ फूट शिल्लक. प्रत्येक बेडला एक फूट आखडला, तर सातवं बंडल वाचलं. पण हे ३१ फूट म्हणजे फार मोठी गादी नाही. बेड सरळ पडला नाही, मधे कुठं वळला, मजुरानं टोकाला दीडच्या जागी दोन फूट सोडले, की ते गेलेच. अडतीस बेडांच्या शहात्तर टोकांना अर्धा-अर्धा फूट जादा सुटला तरी ३८ फूट होतात.

दुसरा मार्ग सरळ आहे : सातवं बंडल आणायचं आणि दुकानदाराशी आधीच बोलून ठेवायचं की न फोडलेलं परत घ्यायचं. बहुतेक जण घेतात. लेखी कोणी देत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत पटतो, कारण त्यात पेपर नाही, रान फिरवायचं असतं. बेड २२० च्या बाजूनं पाडण्याऐवजी १९८ च्या बाजूनं पाडून बघा. तेच दहा आणि सहा फूट टोकांना सोडले तर बेड १८२ फुटांचा. टोकांचे तीन मिळवून पेपर १८५. आता १,३१२ फुटांच्या बंडलात सात बेड बसतात, १,२९५ फूट झाले, उरले फक्त १७. दुसऱ्या बाजूनं २२० मधून आठ वजा, २१२ ला पाचानं भागलं तर बेड ४२, वर दोन फूट बांधाला दान. बेचाळीस बेड, बंडलाला सात, म्हणजे नेमकी सहा बंडलं. जोड एकही नाही.

त्याची किंमत किती? आधी बेडची एकूण लांबी ७,७५२ फूट होती, आता ४२ गुणिले १८२, म्हणजे ७,६४४. लागवड १०८ फुटांनी कमी झाली. दीड फुटावर रोप धरलं तर बहात्तर रोपं. एवढी रोपं सोडून जोडांची कटकट आणि सातवं बंडल टळत असेल तर सौदा वाईट नाही. ट्रॅक्टरवाला मात्र कुरकुरणार, त्याची वळणं वाढली. आणि एक अट आहे जी पेपरपेक्षा मोठी आहे : रानाचा उतार. बेड फिरवल्यानं सऱ्या उताराला आडव्या गेल्या आणि जमीन काळी, भारी असली, तर पावसाळ्यात सरीत पाणी तुंबतं आणि टोमॅटोची मुळं त्यात बसतात. तसं असेल तर दिशा पाणी ठरवणार, बंडल नाही. मग पहिल्या किंवा दुसऱ्या मार्गानं जा आणि जोडांवर माती नीट टाका.

रान चौकोनी नसेल, आणि ते नसतंच, तर एक सवलत आणि एक पेच आहे. एका बाजूला २१० फुटांचा बेड आणि दुसऱ्या बाजूला १५० चा, मधला बांध सरळ तिरका, तर सरासरी १८० धरून बेडांच्या संख्येनं गुणलं की एकूण लांबी बरोबर येते. ही सवलत. पेच असा की बंडलातून बेड सरासरीनं निघत नाहीत. लांब बाजूला एका बंडलात सहा होतील, आखूड बाजूला आठ. तिथं वहीत प्रत्येक बेडची टोकांच्या तीन फुटांसकट लांबी ओळीनं लिहून, बेरीज १,३१२ च्या पुढं कुठं जाते तिथं खूण करत जावं. खूण बेडच्या अगदी शेवटाकडं पडली तर आखूड बाजूचा एखादा बेड आधी उरकून बंडल त्यावर संपवता येतं. हा खेळ संध्याकाळी चहा घेताना खेळण्यासारखा आहे, रानात मजूर थांबवून नव्हे.

राहता राहिलं बंडल

आतापर्यंत आपण ४०० मीटर म्हणजे ४०० मीटर असं समजत आलो. नवशिक्यानं तसंच समजावं. ज्यांना शंका घ्यायची सवय आहे त्यांच्यासाठी एक वजनकाटा पुरतो. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा पेपर, पुठ्ठ्याची नळी वगळून, ११ किलोच्या आसपास भरतो. ३० मायक्रॉनचा तेवढाच पेपर सव्वातेरा किलोकडं जातो, २० चा पावणेनऊकडं. रंगाच्या थरामुळं थोडं पुढंमागं होतं, पण किलोभर नाही. बंडल दहा किलोच भरलं तर दोनांपैकी एक : पेपर ३६० मीटरच आहे, किंवा ४०० मीटर आहे पण २३ मायक्रॉनच्याही खाली आहे. काटा फसवणूक सांगतो, तिचा प्रकार सांगत नाही. प्रकार रानात कळतो.

म्हणून सगळी बंडलं एकदम फोडून बेडांच्या टोकांना मांडून ठेवण्याची जी उत्साही पद्धत आहे ती आपल्या कामासाठी उत्तम आहे, कारण मग काहीच परत जात नाही. ज्यांना दुसरं काही साधायचं आहे त्यांनी एकच बंडल फोडावं आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांना हात लावू नये. १९८ च्या बाजूनं बेड पाडले असतील तर पहिल्या बंडलातून सात बेड पूर्ण होऊन नळीवर १७ फूट उरायला हवेत. पाच फूट उरले तर मजूर टोकांना प्रत्येक बेडमागं पावणेदोन फूट जास्त सोडतायत. त्यांना काठीनं दीड फुटाची खूण करून द्या, बंडलं पुरतील. सातवा बेड अर्ध्यात अडकला आणि टोकं मोजली तर दीड फुटाचीच निघाली, तर पेपरच लांबीला कमी आहे. अशा वेळी आवाज न चढवता अंथरलेल्या बेडांची लांबी टेपनं मोजावी, वहीत लिहावी, आणि न फोडलेली पाच बंडलं गाडीत घालून दुकानात न्यावीत. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे, हे फोन करून आधी विचारून घ्या.